अर्जातल्या ओळी आणि मुलाखतीची वही

मी सांगोला तालुक्यातली. वडील डाळिंब बागायतदार. सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं एका कन्सल्टंटकडे गावांच्या पाणीपुरवठा योजनांच्या साइटवर काम केलं, मग दोन वर्षं फक्त अभ्यास. वैकल्पिक विषय मराठी साहित्य, मुलाखतीचं माध्यम मराठी. छंदात ‘दुर्गभ्रमंती’ लिहिलंय. यूपीएससीची मुख्य परीक्षा पास झाले, मुलाखतीला महिना आहे. डॅफवरून, म्हणजे आयोगाला भरून दिलेल्या सविस्तर अर्जावरून, तीनशे प्रश्न काढून उत्तरं पाठ करतेय, तरी मॉक म्हणजे सराव मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकते. काय चुकतंय?
– एक वाचक

पाठांतर आजच थांबवा. तुम्ही दुसऱ्या प्रश्नाला अडकता, कारण दुसरा प्रश्न तुमच्या तीनशेंमध्ये नसतोच. तो तुमच्या पहिल्या उत्तरातून निघतो. ‘आमच्याकडे डाळिंब होतं’ असं तुम्ही म्हणालात की समोरचे विचारणार, ‘पण सांगोल्यातल्या बागा तर काढून टाकताहेत ना?’ पाठ केलेलं उत्तर तोंडात असेल तर त्या क्षणी तुमचं लक्ष प्रश्नाकडे नसतं, पुढचं वाक्य आठवण्याकडे असतं. मुलाखत मंडळाला हे लगेच कळतं, कारण पाठ केलेल्या उत्तराचा वेग एकसारखा असतो.

म्हणून वही प्रश्नांची नको, नोंदींची करा. डॅफमध्ये तुम्ही भरलेली प्रत्येक गोष्ट ही एक नोंद: जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, पदवी, नोकरी, मधली दोन वर्षं, वैकल्पिक विषय, छंद, सेवांचा पसंतीक्रम. प्रत्येक नोंदीला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर प्रश्नांची उतरंड लिहायची: आधी ‘हे काय आहे’, मग ‘असं का’, मग ‘यात बिघडलंय काय’ आणि शेवटी ‘तुम्ही अधिकारी असता तर’. उजव्या पानावर उत्तरं लिहायची नाहीत. प्रत्येक प्रश्नासमोर फक्त तीन खुंट्या, म्हणजे तीन शब्द किंवा आकडे, ज्यांना धरून तुम्ही दर वेळी नवं वाक्य बोलू शकाल. तीनपेक्षा जास्त खुंट्या लागत असतील, तर तो प्रश्न एक नसून दोन आहेत, तो फोडा.

तुमच्या अर्जात सगळ्यात जास्त ऐवज आहे तो डाळिंबात. तिथे घाई करू नका, कारण बागायतदाराच्या मुलीकडून पुस्तकी उत्तर आलं तर ते लगेच खटकतं. पहिली पायरी: ‘सांगोल्यात डाळिंबच का?’ खुंट्या अशा: कमी पाऊस, हलकी मुरमाड जमीन, पाणी तोडून बहार धरता येतो. हा तिसरा मुद्दा बहुतेकजण विसरतात आणि खरी गोम तिथेच आहे. डाळिंबाला वर्षातून कधीही फुलं येऊ शकतात. शेतकरी पाण्याचा ताण देऊन झाडाला विश्रांती देतो, मग पानगळ करून, पाणी सोडून हव्या त्या हंगामात फुलं आणतो. पाणी मोजकं आहे अशा तालुक्यात कोणत्या महिन्यात पाणी लागणार हे आपण ठरवू शकतो, म्हणून हे पीक तिथे टिकलं.

दुसरी पायरी लगेच येते: ‘मग बागा का गेल्या?’ इथे तेल्या व मर हे रोग आणि खोडाला भोकं पाडणारी पिनहोल बोरर ही कीड, अशी तीन नावं नुसती सांगून थांबलात तर पुढचा प्रश्न ‘तेल्या म्हणजे काय’ असाच असेल. तेल्या हा जिवाणूजन्य करपा. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं. तो पसरतो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट झाडापासून केलेल्या रोपांतून. यातूनच बहाराचं उत्तर निघतं. मृग बहारात फळं पावसाळ्यात वाढतात, म्हणून तेल्याचा धोका जास्त. हस्त बहारात फळं कोरड्या हवेत वाढतात, म्हणून रोग कमी. आंबिया बहाराला ऐन उन्हाळ्यात हमखास पाणी लागतं. आता वडिलांना फोन लावा आणि विचारा: आपण कोणता बहार धरतो, झाडांमधलं अंतर किती, एकूण झाडं किती, गेल्या हंगामात फवारण्या किती झाल्या, माल कुठे विकला, किलोला काय मिळालं. साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतर असेल तर हेक्टरी सुमारे ७४० झाडं बसतात, एकरी ३०० च्या आसपास. तुम्ही ‘दोन एकर, दीड हजार झाडं’ असं बोलून गेलात तर शेतीची जाण असलेला सदस्य तिथेच थांबेल. घरचा हिशेब चुकणं हे सर्वांत वाईट, कारण त्याला ‘वाचलं नव्हतं’ ही सबबही चालत नाही.

तिसऱ्या पायरीवर सरकार येतं. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला २००५ पासून आहे. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली होती. हे तीन तपशील पुरेत. पण प्रत्येकाला ‘मग त्याने शेतकऱ्याचं काय बदललं?’ हा प्रश्न चिकटलेला आहे, आणि वही तिथे रिकामी असेल तर तो तपशील न सांगितलेलाच बरा. मानांकनाचंच घ्या. नोंदणी झाली म्हणून भाव आपोआप वाढत नाही. शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि पेटीवर ती ओळख नसेल तर ग्राहकाला काही कळत नाही. वडिलांनी अशी नोंदणी केली आहे का, हे त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

शेवटची पायरी: ‘तुम्ही सोलापूरच्या जिल्हाधिकारी आहात, डाळिंबासाठी काय कराल?’ इथलं नेहमीचं उत्तर असं असतं: ‘मी शेतकऱ्यांचं कर्ज माफ करेन, प्रक्रिया उद्योग आणेन, निर्यात वाढवेन.’ कर्जमाफी मंत्रिमंडळ ठरवतं. निर्यातीचं धोरण दिल्लीत ठरतं. जिल्हाधिकाऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टी सांगणारा उमेदवार प्रशासन समजलेला नाही, असंच वाटतं. त्याऐवजी असं काही बोलता येईल: ‘रोग रोपांतून येतो, म्हणून कृषी विभागाकडून रोपवाटिकांची तपासणी आधी करून घेईन. एका शेतकऱ्याने बाग स्वच्छ ठेवली आणि शेजारच्याने रोगट फांद्या बांधावर टाकल्या तर उपयोग नाही, म्हणून छाटणीच्या हंगामात गावपातळीवर एकाच आठवड्यात फांद्या गोळा करून नष्ट करण्याची मोहीम ग्रामपंचायत आणि संशोधन केंद्राला बरोबर घेऊन करेन. बाग काढायचीच वेळ आलेल्यांना दुसऱ्या फळपिकासाठी रोजगार हमीतून फळबाग लागवडीचा मार्ग आहे, तो पात्र शेतकऱ्यांपर्यंत पोचवेन.’ बोलायला पाऊण मिनिट लागतं. यातलं प्रत्येक वाक्य मागच्या पायरीवरच्या कारणाला धरून आहे, म्हणून पाठ करावं लागत नाही.

याच जोडीला गावाच्या पानावर एक वादाचा प्रश्न लिहून ठेवा: जिल्हा दुष्काळी, तरी उसाचे कारखाने इतके का? यात ऊसवाल्यांना झोडपू नका आणि त्यांची वकिलीही करू नका. उसाला केंद्राने ठरवलेला किमान दर आहे आणि घ्यायला कारखाना तयार आहे. डाळिंबाला यातलं काहीच नाही. शेतकरी पाण्याकडे नाही, खात्रीकडे बघून पीक निवडतो, हे कारण आधी सांगा आणि मग ठिबकची सक्ती किंवा पाण्याच्या मोजणीबद्दलचं मत द्या. टेंभू योजनेचं पाणी कुठून उचलतात (कराडजवळ कृष्णेतून) आणि तुमच्या गावाला येतं की नाही, हेही तिथेच लिहा. सांगोला म्हटल्यावर गणपतराव देशमुखांचं नाव निघण्याची शक्यता बरीच आहे: शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा आमदार. ‘ते इतके वेळा का निवडून आले’ याचं उत्तर पक्षाची बाजू न घेता द्यायला तयार राहा.

नोकरीच्या पानावर बहुतेक अभियंते पडतात, आणि पडतात ते सोप्या प्रश्नांवर. काँक्रीटचा एम-२० म्हणजे काय? १५० मिलिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी तपासला तर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन इतका दाब सोसला पाहिजे. काळ्या मातीत रस्ता का खचतो? कारण ती पाणी शोषून फुगते आणि सुकली की आकसते. हे एवढं सांगता आलं तरी पदवीची नोंद निभावते. जाडजूड पुस्तकं परत काढू नका. तुमचा खरा जोर पाणीपुरवठा योजनेत आहे, कारण त्यात तुमचं तंत्रज्ञान आणि प्रशासन एकत्र येतं.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात, हे त्याचं माप. २०२४ चं उद्दिष्ट पुढे २०२८ पर्यंत वाढवलं गेलं. तीन हजार वस्तीच्या गावाला याचा अर्थ रोज १ लाख ६५ हजार लिटर. हा गुणाकार तोंडी करता आला पाहिजे, पण पुढचा प्रश्न गुणाकाराचा नसतो. तो असतो, ‘नळ आहेत, पाणी नाही, असं का होतं?’ यावर तुम्ही साइटवर जे पाहिलं असेल ते आठवा. उद्भवाची विहीर किंवा बोअर मार्चनंतर आटते का? पाणीपट्टीची वसुली होत नाही, म्हणून पंपाचं वीजबिल थकतं का? टाकी बांधली पण वितरण नलिका शेवटच्या वस्तीपर्यंत दाब टिकवू शकत नाही का? यातलं एक कारण निवडा, ज्या योजनेत ते दिसलं तिचं माप सांगा: लोकसंख्या, टाकीची क्षमता, उद्भव कोणता. गावाचं नाव घ्या, ठेकेदाराचं नको. ‘सगळीकडे भ्रष्टाचार आहे’ हे उत्तर तर अजिबात नको. त्यानंतर ‘मग तुम्ही तेव्हा काय केलंत?’ हा प्रश्न ठरलेला आहे, आणि एका कनिष्ठ अभियंत्याच्या हातात जेवढं होतं तेवढंच सांगा. साइटवर पाइपची जाडी कमी दिसली आणि तुम्ही फक्त वरिष्ठांना कळवलंत, तर तेवढंच म्हणा. ‘मी काम थांबवलं’ असं रंगवलंत तर पुढचे पाच प्रश्न त्या न घडलेल्या गोष्टीवर येतील.

मधली दोन वर्षं लपवण्यासारखी नाहीत आणि सजवण्यासारखीही नाहीत. ‘या काळात मी संयम शिकले’ हे वाक्य त्या दिवशी आतल्या सगळ्यांनी बहुधा सकाळपासून ऐकलेलं असतं. कितवा प्रयत्न, खर्च कसा भागला, परीक्षेव्यतिरिक्त काय केलं, एवढ्या तीन खुंट्या. बागेत हिशेब लिहीत असाल तर तेही सांगा. काही केलं नसेल तर ‘पूर्ण वेळ अभ्यास’ हे दोन शब्द पुरेत, पुढचा प्रश्न मंडळ स्वतः बदलतं.

पसंतीक्रमाच्या पानावर एक प्रश्न ठळक लिहा: ‘अभियंताच आहात, तर इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधून सरकारात का नाही आलात?’ ‘मला समाजसेवा करायचीय’ हे उत्तर इथे अडकतं, कारण पाणीपुरवठा करणारा अभियंताही समाजाचंच काम करतो. तुमचं उत्तर साइटवरून यायला हवं: योजना तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती, अडली ती वसुली, जागा, भांडणं आणि दोन खात्यांमधल्या फाइलवर, आणि ते सोडवण्याचा अधिकार ज्या खुर्चीला आहे तिथे जायचंय. पहिली पसंती प्रशासकीय सेवा आणि दुसरी पोलीस असेल तर दुसरीचं कारणही हवं. ‘सगळेच तसं भरतात’ हे खरं कारण असलं तरी ते उत्तर होत नाही. वैकल्पिक विषयाबद्दल एवढंच: ‘इंजिनिअर असून मराठी साहित्य का’ याला ‘गुण चांगले मिळतात’ म्हणू नका, आणि अभ्यासक्रमातलं तुम्हाला मनापासून आवडलेलं एक पुस्तक व न आवडलेलं एक, दोन्ही कारणांसह तयार ठेवा. न आवडलेल्या पुस्तकावर माणूस खरं बोलतो.

आता दुर्गभ्रमंती. डॅफ एकदा जमा झाला की शब्द बदलता येत नाही, तेव्हा किल्ले मोजा. खरोखर चढलेले किती? पाच असतील तर पाचच, ‘बरेच’ नाही. त्यातला एक किल्ला असा पक्का करा की कागदावर त्याचा आराखडा काढता येईल. राजगड पाहिला असेल तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, मधला बालेकिल्ला, आणि संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी कशासाठी, हे सांगता आलं पाहिजे. तुम्ही पाण्याच्या अभियंता आहात, तेव्हा डोंगरमाथ्यावर बाराही महिने पाणी कसं टिकायचं हा प्रश्न तुमच्या वाट्याला हमखास येईल. कातळात खोदलेली टाकी, दगड काढण्यातून झालेली खोदाई आणि त्याच दगडाची तटबंदी, असं ते एकमेकांत गुंतलेलं उत्तर आहे. छंद आणि पदवी इथे जुळतात, याचा फायदा घ्या.

पुढची पायरी २०२५ ची. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यातले ११ महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. बारा नावं पाठ असावीत, हा अपवाद. यातले काही केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, काही राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. म्हणून ‘शनिवार-रविवारची गर्दी कोण आवरणार’ या प्रश्नात वन विभाग, ग्रामपंचायत आणि पोलीस असे तिघे आणखी येतात. अतिक्रमणाचा प्रश्नही येऊ शकतो, विशाळगडावर २०२४ मध्ये काय झालं ते वाचून ठेवा. उत्तराची चौकट ठेवा: नोंदी तपासणं, नोटीस, सुनावणी, न्यायालयाची स्थगिती असेल तर थांबणं, आणि सर्व बांधकामांना एकच नियम. भावना विचारल्या तर ‘वाईट वाटतं’ म्हणायला हरकत नाही. कृती मात्र नियमाचीच सांगा.

माध्यम मराठी घेतलंय, म्हणजे खोलीत दुभाषी असेल. याची तयारी फार कमी जण करतात. तुमचं वाक्य लांब असेल तर दुभाष्याला त्याचा शेंडा आधी सापडतो आणि बुडखा नंतर, आणि अध्यक्षांपर्यंत अर्धंच पोचतं. दोन वाक्यांनंतर क्षणभर थांबा. आकडे सावकाश सांगा. ‘तेल्या’, ‘बहार’, ‘माची’ असे शब्द पहिल्यांदा येतील तेव्हा अर्ध्या वाक्यात अर्थ सांगा, म्हणजे दुभाष्याला शोधत बसावं लागणार नाही. तांत्रिक शब्द इंग्रजीत आला तर काही बिघडत नाही. एका मैत्रिणीला दुभाषी करून दोन मॉक द्या. तुमचं उत्तर तिने इंग्रजीत सांगितल्यावर त्यातलं काय गळलं ते ऐकलंत, की तुमची वाक्यं आपोआप आखूड होतील.

एरवीच्या मॉकची संख्या पाच-सहावर थांबवा आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग ऐका. ऐकताना गुण देऊ नका. फक्त जिथे तुम्ही उपप्रश्नाला अडखळलात तो उपप्रश्न वहीत त्याच्या नोंदीखाली लिहा आणि तीन खुंट्या शोधा. तिसऱ्या मॉकनंतर नवे उपप्रश्न कमी होत गेले तर वही भरत आलीय असं समजा. कमी होत नसतील तर बहुधा एकच नोंद पोकळ आहे, ती शोधा. तुमच्या बाबतीत ती ‘दुर्गभ्रमंती’ असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावरचा उपाय म्हणजे एका रविवारी पुन्हा गडावर जाऊन येणं. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मॉक नकोत. रोज सकाळचं वर्तमानपत्र वाचताना त्यातली कुठली बातमी आपल्या कुठल्या नोंदीला चिकटते ते पाहा आणि त्या पानावर तारीख टाकून लिहा: डाळिंबाचा भाव, टेंभूचं आवर्तन, नळयोजनेचा निधी, किल्ल्यावरचं काम. अशा पाच-सहा ओळी झाल्या तरी पुरे, कारण यूपीएससीच्या धौलपूर हाउसमधल्या त्या खोलीतल्या अर्ध्या तासात एवढंही वापरायला मिळेलच असं नाही.